४० पैकी एकही बाटली काळी नाही, मग इंटरव्हल ०% ते ०% कसा?

नदीकाठची_मीरा

नमस्कार मंडळी. पाण्याच्या कामातला प्रश्न आहे, पण अडलंय ते आकड्यांपाशी.

पावसाळ्यानंतर आम्ही दोन तालुक्यांत पिण्याच्या पाण्याचे स्रोत तपासले: विहिरी, हातपंप, थोडे नळ. प्रत्येक तालुक्यात ४० ठिकाणी एच-टू-एस बाटल्या भरल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बाटलीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, झाकणाला आतून बोट लागू द्यायचं नाही आणि साध्या खोलीत एक-दोन दिवस ठेवायची. पाण्यात विष्ठेतले जंतू असले की पाणी काळं पडतं.

पहिल्या तालुक्यात एक बाटली काळी पडली. शाळेमागच्या हातपंपाची. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली तेव्हा सडक्या अंड्याचा वास आधी आला, बाटली नंतर दिसली. दुसऱ्या तालुक्यात चाळीसही बाटल्या जशाच्या तशा राहिल्या.

अहवालासाठी आमच्याकडे आधीच्या सहकाऱ्याने लिहून ठेवलेला छोटा प्रोग्रॅम आहे. खरं प्रमाण कुठून कुठपर्यंत असू शकतं, तो ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल त्यातून असा आला:

```
from statsmodels.stats.proportion import proportion_confint
proportion_confint(1, 40)   # (0.0, 0.0734)
proportion_confint(0, 40)   # (0.0, 0.0)
```

म्हणजे पहिल्या तालुक्यात दूषित स्रोत ० ते ७.३% आणि दुसऱ्यात ० ते ०. बैठकीत वरिष्ठांनी तक्ता वाचला आणि म्हणाले, "दुसऱ्याची तर पक्की खात्री झाली. पुढच्या फेरीच्या सगळ्या बाटल्या पहिल्या तालुक्यात लावा." मला हे पटत नाहीये, पण का पटत नाही ते मुद्देसूद सांगता येत नाही. एका बाटलीच्या फरकावर एक अख्खा तालुका तपासणीतून बाहेर जातोय. कुणी समजावेल का?

कटिंग_चहा

मीराताई, सूत्र बरोबर आहे. कॉलेजात आपण शिकलोय: नमुन्यातलं प्रमाण, त्याच्या दोन्ही बाजूंना १.९६ गुणिले स्टँडर्ड एरर. नमुना ३० च्या वर असला की चालतं, तुमचा ४० आहे. दुसऱ्या तालुक्यात सगळ्या बाटल्या सारख्याच निघाल्या, मग फरकच नाही तर एरर येणार कुठून? गणित शून्य देतंय ते त्याच्या परीने योग्यच आहे.

पहिल्या तालुक्याचं मी हाताने करून पाहिलं. खालचं टोक खरं तर उणे २.३% येतं. उणे टक्के विहिरी खराब असू शकत नाहीत, म्हणून प्रोग्रॅमने ते शून्यावर कापलंय. तेही बरोबर. खात्री वाढवायची तर बाटल्या वाढवा, दुसरा उपाय नाही.

आकडेकाका

मीराताई, तुम्हाला जे खुपतंय ते अगदी योग्य जागी खुपतंय. कटिंग_चहा, तुमचं शेवटचं वाक्य मान्य. जास्त बाटल्या कधीही चांगल्या. पण "फरक नाही म्हणून एरर नाही" इथे गाडी घसरली आहे.

तुम्ही वापरताय ते वाल्ड इंटरव्हल. त्यात स्टँडर्ड एरर काढताना आपण नमुन्यात मिळालेलं प्रमाणच खरं प्रमाण धरून चालतो. प्रमाण ५०% च्या आसपास असेल तर थोडं इकडेतिकडे झाल्याने फारसं बिघडत नाही. शून्याजवळ मात्र हाच दोष मोठा होतो. नशिबाने कमी बाटल्या काळ्या पडल्या की प्रमाण कमी येतं, आणि त्याच कमी प्रमाणातून काढलेला एररही कमी येतो. म्हणजे ज्या वेळी आपण सत्यापासून खाली घसरलेलो असतो, नेमकं त्याच वेळी सूत्र आपल्याला सांगतं की फार लांब बघायची गरज नाही. शून्य बाटल्या हे त्याचं टोक. तिथे सूत्र स्वतःच मिटून जातं.

आता उलट बाजूने विचारा. समजा दुसऱ्या तालुक्यात खरोखर ५% स्रोत दूषित आहेत. मग चाळीसही बाटल्या स्वच्छ निघण्याची शक्यता किती? ०.९५ चा चाळिसावा घात, म्हणजे सुमारे १३%. आठ वेळा फेरी काढली तर एकदा असं होईल. याला "पक्की खात्री" कसं म्हणायचं?

विल्सन इंटरव्हल हाच उलटा प्रश्न नीट विचारतो. खरं प्रमाण १% असेल तर आपल्याला मिळालं ते फारच विचित्र ठरतं का? २% असेल तर? ५% असेल तर? प्रत्येक वेळी स्टँडर्ड एरर त्या मानलेल्या प्रमाणाचा घ्यायचा, नमुन्याचा नाही. जी प्रमाणं विचित्र ठरत नाहीत ती सगळी इंटरव्हलमध्ये राहतात. ई. बी. विल्सन यांनी हे १९२७ साली मांडलं, त्यामुळे हे नवं काही नाही.

दोन्ही तालुक्यांचं उत्तर असं येतं:

४० पैकी १ : ०.४% ते १२.९%
४० पैकी ० : ०% ते ८.८%

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. एका तालुक्याची खात्री आणि दुसऱ्याची शंका, असं यात कुठेच दिसत नाही.

कटिंग_चहा

काका, शून्याचं पटलं. पण ४० पैकी १ चं काय? तिथे वाल्ड ० ते ७.३ देतो, उणे टोक कापलं की काम झालं. विल्सन १२.९ पर्यंत जातो. हे उगाच रुंद करणं नाही का? सापडल्यात फक्त अडीच टक्के.

आकडेकाका

चांगला प्रश्न, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. उणे टोक कापून फक्त दिसणारी चूक झाकली जाते. खरी चूक वरच्या टोकाला आहे आणि ती तशीच राहते.

१०% घेऊन बघू. वाल्ड म्हणतो, १०% शक्यच नाही, ते ७.३ च्या बाहेर आहे. खरं प्रमाण १०% असताना ४० पैकी एकही बाटली काळी न पडण्याची शक्यता १.५%, आणि नेमकी एक पडण्याची सुमारे ६.६%. मिळून ८%. जी गोष्ट बारा वेळात एकदा घडते तिला ९५% च्या हिशेबात अशक्य म्हणता येत नाही.

विल्सनच्या पद्धतीने: १०% मानलं तर स्टँडर्ड एरर ४.७%. आपले २.५% त्यापासून ७.५ ने दूर, म्हणजे सुमारे १.६ एरर. मर्यादा १.९६ ची, म्हणून १०% आत राहतं. वाल्डने अंतर तेच घेतलं, पण मोजपट्टी २.५% ची लावली. त्या पट्टीवर एक एरर जेमतेम २.५ चा, म्हणून तेच ७.५ अंतर तीन एरर दिसलं.

आणि त्या ३० च्या नियमाबद्दल. नमुना किती मोठा यापेक्षा त्यात काळ्या बाटल्या किती आणि स्वच्छ किती हे महत्त्वाचं. दोन्हीकडे पाच-दहा तरी असल्याशिवाय वाल्ड वापरू नये असं वर्गात सांगतात. मीराताईंकडे एका बाजूला एक आहे आणि दुसरीकडे शून्य. चाळीसच्या जागी दोनशे बाटल्या असत्या आणि एकच काळी पडली असती, तरी वाल्ड उणेतच गेला असता.

एक गोष्ट मला लागली ती सांगतो. हाताने केल्यावर उणे २.३% आलं, ती धोक्याची घंटा होती. `statsmodels` ते टोक आपोआप शून्यावर आणतं, आणि `method` लिहिलं नाही तर `normal`, म्हणजे वाल्डच, वापरतं. त्यामुळे घंटा वाजतच नाही. मीराताई, तुमच्या सहकाऱ्याची चूक एवढीच की त्यांनी हा शब्द लिहिला नाही:

```
proportion_confint(0, 40, method="wilson")
```

भट्टीवाला

काका, मी फाउंड्रीत आहे, कास्टिंग तपासणी. आमच्याकडे रोज हेच चालतं. नवीन पॅटर्न आला की पहिले १२ नग कापून बघतो आत ब्लोहोल आहे का. बाराही चांगले निघाले की शीटवर "रिजेक्शन ०%" लिहून पुढे पाठवतो. मागे एकदा असंच पाठवलं आणि नंतर मशीनिंगला गेल्यावर ढिगाने परत आले. सगळे म्हणाले वाळूत ओल होती. वाळू असेलही. पण त्या १२ चा अर्थ काय होता हे मला आज विचारावंसं वाटतंय.

आणि दुसरं, १% च्या आत रिजेक्शन आहे असं म्हणायला किती नग कापावे लागतील?

आकडेकाका

भट्टीवाले, एकही खराब नसेल तेव्हा विल्सनचं वरचं टोक तोंडी काढता येतं. ३.८४ भागिले (नग अधिक ३.८४). तुमचं: ३.८४ ला १५.८४ ने भागा, २४% येतात. बारा चांगल्या नगांचा अर्थ एवढाच की रिजेक्शन चोवीस टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं. वाळूला दोष द्या, पण त्या १२ नगांनी तुम्हाला वाळूबद्दल काही सांगितलंच नव्हतं.

१% साठी तोंडी हिशेब "तीनचा नियम": एकही खराब नसेल तर वरची मर्यादा ३ भागिले नग. म्हणून ३०० नग, सगळे चांगले. नेमकं करायला गेलात तर २९९. विल्सनने काढाल तर ३८० येतील.

भट्टीवाला

३०० आणि ३८०? यातलं कुठलं धरायचं? ८० नग कापणं म्हणजे आमच्यासाठी गंमत नाही.

आकडेकाका

फरक प्रश्नातला आहे. ३०० चा हिशेब एकाच बाजूचा: "रिजेक्शन यापेक्षा जास्त नाही" याची ९५% खात्री. विल्सनचे आकडे मी दोन्ही बाजूंचे दिले, वर अडीच टक्के आणि खाली अडीच टक्के सोडून. तुम्हाला खालच्या टोकाशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे तुमच्या कामाला एका बाजूचा हिशेब योग्य आणि ३०० पुरेत. फक्त शीटवर तसं स्पष्ट लिहा. नाहीतर पुढचा माणूस दोन वेगळ्या गोष्टी एका रांगेत लावून तुलना करेल.

माळरान

मी ग्रामपंचायत सदस्य आहे. धागा वाचून काळजी वाटली म्हणून लिहितोय. मीराताईंच्या दुसऱ्या तालुक्यात एकही बाटली काळी पडली नाही, तरी काका म्हणतात ८.८% स्रोत दूषित. उद्या हे पेपरात आलं तर लोक विहिरीचं पाणी बंद करतील. जलसुरक्षक बिचारा पाणी शुद्ध राहावं म्हणून दर आठवड्याला टीसीएल पावडर टाकतो, त्याच्या कामावर पाणी. न सापडलेलं दूषित कसं काय लिहिता?

आणि आमच्या गावात पिण्याचे सहाच स्रोत, सहाही तपासले, सहाही चांगले. मग आम्हालाही असलं काही टोक लावणार का?

नदीकाठची_मीरा

माळरान दादा, तसं नाही. ८.८% दूषित आहेत असं कुणीच म्हणत नाहीये. सापडले शून्य, आणि अहवालात आधी शून्यच लिहायचं. ८.८ हे फक्त "इथपर्यंतची शक्यता आम्ही एवढ्या बाटल्यांवरून नाकारू शकत नाही" याची खूण आहे. तुमच्या जलसुरक्षकाच्या कामावर यात काहीच बोट नाही. मी त्या लोकांबरोबर फिरते, टीसीएलचं पोतं सायकलला बांधून वाडीवर चढताना पाहिलंय त्यांना.

आकडेकाका

मीराताईंनी नेमकं सांगितलं. त्यात एकच जोडतो. विल्सनच्या इंटरव्हलचा मध्य नमुन्यातल्या प्रमाणापेक्षा ५०% च्या बाजूला सरकलेला असतो. ४० पैकी १ साठी तो ६.७% येतो. काही जण तोच "सुधारित अंदाज" म्हणून छापतात. तुम्ही छापू नका. लोकांना कळतं ते "४० पैकी १", तेच लिहा.

माळरान, तुमच्या गावाचा मुद्दा वेगळा आणि रास्त आहे. सहाच स्रोत आणि सहाही तपासले, तर त्या दिवसापुरता नमुना उरलाच नाही, सगळं गावच मोजून झालं. तिथे इंटरव्हल लागत नाही. पण प्रश्न "पुढच्या पावसातही हे सहा चांगले राहतील का" असा असेल, तर सहा बाटल्या फारच थोड्या. दोन्ही प्रश्न वेगळे ठेवा.

माळरान

आता समजलं. त्या दिवसापुरतं आमचं पाणी चांगलं, एवढं मी ग्रामसभेत सांगू शकतो ना? तेवढंच हवं होतं.

सिग्मा_सातारकर

काकांच्या शब्दावर विश्वास आहेच, तरी मी मोजून पाहिलं. सिम्युलेशन नाही, सगळ्या ४१ शक्यता घेऊन नेमकी बेरीज. खरं प्रमाण आधी ठरवायचं आणि बघायचं की इंटरव्हल त्याला किती वेळा पकडतो.

```
n <- 40; p <- 0.02; x <- 0:n
h <- 1.96 * sqrt(x/n * (1 - x/n) / n)
sum(dbinom(x, n, p)[abs(x/n - p) <= h])
```

हे वाल्डचं. उत्तर ०.५५३. ज्याला आपण ९५% म्हणतो तो प्रत्यक्षात ५५% वेळाच खरं प्रमाण पकडतो! कारण सरळ आहे. प्रमाण २% असताना शून्य बाटल्या काळ्या पडण्याची शक्यताच ४४.६% आहे, आणि तेव्हा ० ते ० हा इंटरव्हल हमखास चुकतो.

मग दुसरी ओळ बदलली:

```
h <- 1.96 * sqrt(p * (1 - p) / n)
```

`x/n` च्या जागी `p`, बस. हा विल्सन, आणि उत्तर ०.९५४. प्रमाण ५% धरलं तर वाल्ड ०.८६८, विल्सन ०.९५२. काकांनी चार परिच्छेदांत समजावलं ते या एका बदलात डोळ्यांसमोर आलं, म्हणून टाकतोय.

`R` मध्ये तयार हवं असेल तर `prop.test(1, 40, correct = FALSE)` विल्सनच देतं. `correct` विसरलात तर थोडा अधिक रुंद येतो.

अनुजा_पॅथॉलॉजी

सिग्मा, p = 0.0044 घालून बघा. विल्सनसाठीच.

मी रक्ताच्या तपासण्यांच्या गुणवत्तेवर काम करते आणि विल्सनने मला एकदा अडचणीत आणलंय, म्हणून सांगते. अगदी शून्याला चिकटलेल्या प्रमाणांवर तोही चुकतो.

सिग्मा_सातारकर

घातलं. ०.८३८. हे अपेक्षित नव्हतं.

अनुजा_पॅथॉलॉजी

कारण काकांनी दिलेल्या आकड्यांतच आहे. ४० पैकी १ साठी विल्सनचं खालचं टोक ०.४४%. खरं प्रमाण त्याच्या किंचित खाली असेल तर एक बाटली काळी पडताच इंटरव्हल सत्याच्या वर उडी मारतो. मग पकड उरते ती फक्त शून्य काळ्या बाटल्यांच्या वेळी, आणि ती ८४%.

आमच्याकडे हजारात चार-पाच चुकांचीच चर्चा असते, त्यामुळे ही फट आम्हाला नेमकी लागते. अशा ठिकाणी मी क्लॉपर-पिअर्सन वापरते, १९३४ चा. तो ९५% च्या खाली कधीच जात नाही. बदल्यात तो गरजेपेक्षा रुंद असतो. ४० पैकी ० साठी तोही ८.८% च देतो, तिथे दोघांत भांडण नाही. खालच्या टोकाचा प्रश्न आला की फरक पडतो.

आकडेकाका

अनुजाताईंचं म्हणणं खरं आहे आणि मी ते आधीच सांगायला हवं होतं. तरी मी मीराताईंना विल्सनच सुचवेन. क्लॉपर-पिअर्सन हमी देतो, पण त्यासाठी बहुतेक ठिकाणी ९७-९८% पकड घेऊन बसतो. माझ्या मते सरासरीने ९५ च्या जवळ राहणं जास्त उपयोगाचं. २००१ साली ब्राउन, त्साय आणि दासगुप्ता यांनी हे सगळे इंटरव्हल शेजारी ठेवून तपासले आणि ४० किंवा त्याहून लहान नमुन्याला विल्सन किंवा जेफ्रीजचा सुचवला. मीराताई बरोबर त्या काठावर आहेत.

अनुजा_पॅथॉलॉजी

काका, "सरासरीने" कुणाच्या? माझ्याकडे येणारी प्रमाणं सगळीकडे सारखी पसरलेली नसतात, ती सगळी शून्यापाशीच गोळा झालेली असतात. माझ्यासाठी सरासरी तिथलीच. पाण्याच्या बाबतीतही चूक कुठल्या बाजूची महाग पडते ते आधी ठरवा. दूषित तालुका सुटून गेला तर मुलं आजारी पडतात. मी हमी घेईन.

आकडेकाका

यावर तुमचं-माझं एकमत होणार नाही असं दिसतं, आणि तुमचा युक्तिवाद कच्चा नाही. वाचणाऱ्यांनी दोन्ही समोर ठेवावेत. वाल्ड नको, एवढ्यावर तरी आपण दोघं एक आहोत.

रेवा_दादर

थोडं बाजूचं. वाल्ड इंटरव्हल ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते अब्राहम वाल्ड १९५० च्या डिसेंबरात भारतात व्याख्यानांसाठी आले असताना निलगिरीत विमान अपघातात गेले. पत्नीही बरोबर होत्या. मोठा माणूस होता. हे सूत्र त्यांच्याही फार आधीचं, लाप्लासच्या काळातलं आहे. नाव त्यांचं लागलं म्हणून दोष त्यांच्या माथी येऊ नये असं मनापासून वाटलं.

सिग्मा_सातारकर

रेवा, हे माहीत नव्हतं. आभार.

मीराताई, एक विचारायचं राहिलंय. ४० स्रोत निवडले कसे? सगळ्या तालुक्यातून चिठ्ठ्या टाकून?

नदीकाठची_मीरा

नाही. गाडी एकच होती. प्रत्येक तालुक्यात चार गावं निवडली आणि प्रत्येक गावात दहा स्रोत. एका दिवसात एक गाव होतं.

यामुळे बिघडतं का?

आकडेकाका

बिघडतं, ताई. आतापर्यंतचे सगळे आकडे, माझे आणि अनुजाताईंचेही, असं धरून आहेत की प्रत्येक बाटली स्वतंत्र आहे. एका गावातल्या दहा विहिरींना बरेचदा एकच भूजल, एकच नाला, एकच टीसीएलचं पोतं आणि तोच जलसुरक्षक. एक चांगली निघाली की शेजारची चांगली निघण्याची शक्यता वाढते. मग दहा बाटल्यांची बातमी दहा बाटल्यांएवढी राहत नाही.

टोकाचं उदाहरण घ्या. गावातले सगळे स्रोत एकसारखेच असतील, तर तुमच्याकडे ४० बाटल्या नाहीत, चार गावं आहेत. ४ पैकी ० साठी विल्सनचं वरचं टोक ४९%. उलट सगळे अगदी स्वतंत्र असतील तर ८.८%. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

कटिंग_चहा

मध्ये म्हणजे नेमकं कुठे? ९ आणि ४९ मध्ये खूप जागा आहे काका.

आकडेकाका

दुसऱ्या तालुक्याच्या आकड्यांवरून ते काढताच येत नाही. गावागावांत फरक किती हे मोजायला काही बाटल्या तरी काळ्या पडलेल्या लागतात, आणि तिथे सगळीकडे शून्य आहे. पहिल्या तालुक्यातली एकटी बाटलीही पुरत नाही. आधीच्या वर्षांची याच भागातली नोंद असेल तर त्यावरून अंदाज बांधता येईल. नसेल तर मी ८.८ लिहीन, आणि त्याच ओळीत लिहीन की बाटल्या चारच गावांतल्या आहेत, म्हणून खरी मर्यादा याहून वर असू शकते.

अनुजा_पॅथॉलॉजी

इथे मी काकांबरोबर आहे. विल्सन की क्लॉपर-पिअर्सन हा वाद दशांशाचा होता. चार गावं की चाळीस स्रोत हा वाद पाचपटीचा आहे.

भट्टीवाला

आमचे १२ नग एकाच हीटचे असतात. एकच ओतणं, एकच वाळू. म्हणजे आमचेही बारा नाहीतच. उद्यापासून चार हीटमधले तीन-तीन कापायला सांगतो. नग तेवढेच लागतील.

आकडेकाका

भट्टीवाले, अगदी बरोबर पकडलंत. मीराताईंनाही तेच सुचवतो. बाटल्या तेवढ्याच ठेवा, गावं वाढवा.

नदीकाठची_मीरा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वरिष्ठांशी बोलले. आधी इंटरव्हलबद्दल काही न बोलता एवढंच विचारलं की ५% स्रोत खराब असते तरी आठात एकदा आपल्याला हेच दिसलं असतं, मग तालुका सोडायचा का? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, तक्ता परत कर.

नवीन तक्त्यातली ओळ अशी: "तपासलेले स्रोत ४०, दूषित ०, ९५% विल्सन इंटरव्हल ० ते ८.८%, नमुने ४ गावांतून, त्यामुळे प्रत्यक्ष मर्यादा याहून जास्त असू शकते." पहिल्या तालुक्याची ओळही तशीच. एक्सेलवाल्या सहकाऱ्यांसाठी वरच्या टोकाचं सूत्र काकांनी निरोपातून दिलं, तेही इथे ठेवते. काळ्या बाटल्या A2 मध्ये, एकूण B2 मध्ये:

```
=(A2+1.92+1.96*SQRT(A2*(B2-A2)/B2+0.96))/(B2+3.84)
```

पुढच्या फेरीत दोन्ही तालुके आहेत. प्रत्येकी २० गावं आणि गावात दोनच स्रोत, यादीतून चिठ्ठ्या टाकून. गाडीचा खर्च वाढतोय, त्यावर अजून होकार आलेला नाही. शाळेमागच्या हातपंपावर लाल रंग मारून झाला, मुलं सध्या पलीकडच्या नळावरून पाणी भरतात.

कटिंग_चहा

ताई, २० गावांना गाडी एकटी पुरणार नाही. माझं गाव त्या तालुक्यात असेल तर माझ्या दुचाकीवरून मी पाच गावं करू शकतो. बाटली कशी धरायची तेवढं शिकवा.

नदीकाठची_मीरा

नक्की शिकवते. व्यक्तिगत निरोपात गावाचं नाव कळवा. आणि येताना हात धुवायचा साबण बरोबर ठेवा. झाकणाला लागलेल्या बोटानेही बाटली काळी पडू शकते, आणि ४० मध्ये ती एक फार जड असते.